भटक्याचं रात्रगीत
(स्वरलिपीच्या पानाच्या फोटोवरून, कार्यक्रमाच्या पुस्तिकेसाठी)

संगीत: फ्रान्झ शुबर्ट, ऑपस ९६, क्र. ३ (डी. ७६८)
शब्द: योहान वोल्फगांग फॉन गटे
आवाज आणि पियानो. बी-फ्लॅट मेजर. एकूण १४ बार.

गाणं जर्मनमध्येच होणार आहे. खालचे शब्द ऐकता ऐकता वाचण्यासाठी आहेत, सुरांवर बसवलेले नाहीत. लयीच्या आणि आवाजाच्या खुणा पानावर आहेत तशाच ठेवल्या आहेत.

लांगझाम

[बार १–२, फक्त पियानो, *पियानिसिमो*]

शिखराशिखरावर
निवांत,
शेंड्याशेंड्यात
जेमतेम लागते तुला
वाऱ्याची फुंकर;
पाखरं गप्प, गप्प रानात.

[*क्रेशेंदो*]
थांब जरा, थांब जरा,
[*फर्माता*] लवकरच
विसावशील तूही.

थांब जरा, थांब जरा,
[*फर्माता*] लवकरच
विसावशील तूही.

[शेवटी पियानो एकटा]

शब्दांविषयी

लांगझाम म्हणजे संथ. इटालियन ‘लेंतो’ न लिहिता शुबर्टने आपल्या भाषेतला शब्द वापरला, म्हणून तो बदलला नाही. इतर खुणा मात्र इटालियनच आहेत: पियानिसिमो म्हणजे अगदी हलका आवाज, क्रेशेंदो म्हणजे हळूहळू वाढवत नेणं, फर्माता म्हणजे सुरावर हवं तितकं रेंगाळणं.

मूळ कविता आठ ओळींची. ‘गप्प’ आणि ‘थांब जरा’ दोनदा येणं, शेवटच्या ओळी पुन्हा म्हणणं, ही शुबर्टची भर. मराठीतही ती तशीच ठेवली; नाहीतर ऐकणारा वाचताना पुढे निघून जाईल आणि गायिका मागे राहील.

सगळ्यात जास्त वेळ ‘हाउख’ या शब्दाने खाल्ला. त्यात वाऱ्याची झुळूकही आहे आणि माणसाचा श्वासही. ‘झुळूक’ लिहिलं की श्वास हरवतो, ‘श्वास’ लिहिला की झाडं हरवतात. ‘फुंकर’ तोंडातूनच निघते, म्हणून ती घेतली. तरी थोडं निसटलंच. शेवटच्या क्रियापदाला ‘झोपशील’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिथे झोपही आहे आणि मरणही. ‘विसावणं’ दोन्हीकडे जातं.

गटेने या ओळी ६ सप्टेंबर १७८० रोजी इल्मेनाउजवळच्या किकेलहान डोंगरावर, एका लाकडी खोपटाच्या भिंतीवर लिहिल्या. १८३१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, तो तिथे पुन्हा गेला आणि त्या वाचून त्याचे डोळे भरून आले. ते खोपट १८७० मध्ये जळालं.

फोटोत पानाला मधोमध घडी आहे. ती पियानोच्या डाव्या हातावरून जाते, शब्द सगळे शाबूत आहेत. पहिल्या फर्मातावर कोणीतरी शिसपेन्सिलीने ‘घाई नको’ लिहिलंय. ते छापील नाही, पण इथेही राहू दिलं.