अन्नप्रमाणन लेखापरीक्षक परीक्षा, प्रश्नपत्रिका २ : शाकाहारी व हलाल दावे आणि घटकांचे विलगीकरण

वेळ : दीड तास. एकूण गुण : ५०

सूचना : सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. नियमांचे आकडे पाठ असल्याचे वेगळे गुण मिळणार नाहीत; निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढला, याचेच गुण मिळतील. ‘कामगारांना याची कल्पना आहे’ हे वाक्य पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही.

प्रश्न १. पुढील विधाने बरोबर की चूक ते प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत सकारण लिहा. (८ गुण)

(अ) हलाल पद्धतीने कापलेल्या जनावराच्या हाडांपासून काढलेले जिलेटिन वापरलेल्या जेलीला हलाल प्रमाणपत्र मिळाले असेल, तर तिच्या पाकिटावर हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ छापता येते.

(आ) शेलॅकचा लेप दिलेल्या बडीशेपेच्या गोळ्यांना भारतीय नियमांनुसार शाकाहारी चिन्ह चालते, म्हणून त्यांच्यावर व्हीगन असा दावाही करता येतो.

(इ) ज्या पदार्थात प्राणिजन्य घटक नाही, तो वेगळ्या तपासणीशिवाय हलाल ठरतो.

(ई) बिस्किटात मांसाहारी घटक म्हणून केवळ अंडे असेल, तर ‘फक्त अंडे’ असे छापल्यावर तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण छापण्याची गरज उरत नाही.

प्रश्न २. उतारा वाचून खालील उपप्रश्नांची उत्तरे लिहा. (२४ गुण)

तळोजा एमआयडीसीतील एका कारखान्यात कोरडी सूप-मिश्रणे तयार होतात. सकाळच्या पाळीत टोमॅटो सूप आणि दुपारच्या पाळीत चिकन सूप एकाच मिश्रणयंत्रात बनते. टोमॅटो सूपवर शाकाहारी चिन्ह आहे आणि आखाती देशांत जाणाऱ्या दोन्ही मालांवर हलाल चिन्ह आहे. चिकन पावडरीच्या पुरवठादाराकडे वैध हलाल प्रमाणपत्र आहे. ओलाव्याने बुरशी लागू नये म्हणून यंत्र पाण्याने धुतले जात नाही, व्हॅक्यूमने साफ करून एटीपी स्वॅब घेतला जातो आणि गेल्या महिन्यातील सर्व नोंदी ‘पास’ आहेत. टोमॅटो सूपमधील आयएनएस ४७१ चा पुरवठादार अलीकडेच बदलला असून नव्या पुरवठादाराच्या पत्रात ‘खाद्य दर्जाचे’ एवढाच उल्लेख आहे. पाहणीच्या वेळी हिरव्या मुठीचा स्कूप चिकन पावडरीच्या पिंपात आढळला, तर पुनर्वापराच्या खोलीतील एका पिशवीवर केवळ ‘मसाला, दुपार’ असे खडूने लिहिलेले होते.

(अ) सामायिक यंत्रामुळे टोमॅटो सूपच्या शाकाहारी दाव्याला आणि हलाल दाव्याला सारखाच धोका पोहोचतो का? दोन्ही दाव्यांचा स्वतंत्र विचार करून लिहा. (६)

(आ) एटीपी स्वॅबच्या ‘पास’ नोंदींवरून चिकनचा अंश उरलेला नाही असे म्हणता येईल का? नसल्यास कोणत्या पडताळणीची मागणी कराल? (६)

(इ) आयएनएस ४७१ चे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याचा प्रस्ताव व्यवस्थापकाने मांडला आहे. तो पुरेसा आहे का? (४)

(ई) त्या खडूने लिहिलेल्या पिशवीबाबत निरीक्षण, निकष आणि पुरावा स्पष्ट करणारी विसंगती-नोंद लिहा. (८)

प्रश्न ३. एका मांसप्रक्रिया कारखान्याला पूर्वी डुकराच्या मांसासाठी वापरलेली यंत्रमालिका हलाल उत्पादनाकडे वळवायची आहे, आणि मागणी आली की पुन्हा जुने उत्पादनही घ्यायचे आहे. कोडेक्सची १९९७ ची हलालविषयक मार्गदर्शक तत्त्वे आणि मलेशियाचे एमएस १५०० हे मानक या योजनेकडे कसे पाहतात, याची तुलना करून आपला निर्णय लिहा. (१८ गुण)

परीक्षकांसाठी, केवळ प्रश्न २ बाबत : (अ) मध्ये चिकन हलाल असल्याने त्याच्या अंशाने हलाल दावा मोडत नाही, शाकाहारी दावा मात्र मोडतो, हा फरक ज्याने ओळखला त्यालाच पूर्ण गुण द्यावेत, ‘दोन्हींना धोका’ असे सरसकट लिहिणाऱ्याला निम्मेही देऊ नयेत, कारण कारखान्यात गेल्यावर हाच उमेदवार चुकीच्या ठिकाणी काम थांबवील. एटीपी चाचणी सेंद्रिय अवशेष दाखवते, तो टोमॅटोचा की कोंबडीचा हे सांगत नाही, म्हणून कोंबडीसाठी विशिष्ट डीएनए अथवा प्रथिन चाचणीने सफाई प्रमाणित केल्याची नोंद आणि पाळ्यांचा क्रम पाहण्याचा मुद्दा (आ) मध्ये अपेक्षित आहे. आयएनएस ४७१ वनस्पती तेलापासूनही बनते आणि प्राणिज चरबीपासूनही. इतक्या शुद्ध केलेल्या पदार्थात डीएनए क्वचितच सापडत असल्याने उगमाचे पुरवठादाराने दिलेले लेखी विवरण आणि त्या घटकाचा शोधमार्ग हाच आधार आहे. हा खुलासा येईपर्यंत माल रोखून धरण्याचे ज्याने लिहिले असेल, त्याला (इ) मध्ये एक वाढीव गुण द्यावा, मात्र उपप्रश्नाचे एकूण गुण चारपेक्षा जास्त होऊ नयेत. (ई) मध्ये ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आला असल्यास एक गुण वजा करावा. नोंद पिशवीविषयी आहे, माणसाविषयी नाही.