सील तुटलेले फेस क्रीम बदलून मिळण्याबाबत

दि. 16 जून 2025

प्रति,
मा. दुकानमालक,
सौंदर्यप्रसाधनांचे दुकान,
कॉलेज रोड, नाशिक

विषय : बिल क्र. 3187, दि. 14 जून 2025. व्हिटॅमिन सी फेस क्रीम (50 ग्रॅम) परत करून त्याच क्रीमची सीलबंद डबी मिळणेबाबत.

महोदय,

शनिवारी, 14 जूनला, आपल्या दुकानातून घेतलेले वरील क्रीम या पत्रासोबत परत करीत आहे. किंमत 649 रुपये, पैसे यूपीआयने दिले होते. खोक्यावर आणि डबीच्या तळाशी बॅच क्रमांक व्हीसी 2411 असा एकच आहे. उत्पादन नोव्हेंबर 2024चे आहे आणि वापरण्याची मुदत ऑक्टोबर 2026पर्यंत आहे. म्हणजे माल मुदतीतला आहे. तक्रार फक्त सीलची आहे.

घरी झाकण काढले तेव्हा आतला चंदेरी पत्रा अर्ध्याहून जास्त उचकटलेला होता. क्रीमच्या मधोमध बोट फिरवल्यासारखा खळगा आहे, झाकणाच्या आट्यांत वाळलेले क्रीम अडकले आहे आणि कडेचा थर पिवळसर तपकिरी झाला आहे. खोक्याची वरची पारदर्शक चिकटपट्टी शाबूत आहे, पण खालची घडी उघडून पुन्हा आत खोचलेली दिसते. काउंटरवर खोके वरूनच पाहिले जाते, त्यामुळे बिल करताना हे आपल्या माणसांच्या लक्षात आले नसावे.

पत्रा कारखान्यातच नीट बसला नसेल, अशी शंका आपल्याला येईल, म्हणून एक गोष्ट मुद्दाम पाहावी. पत्रा मुळात चिकटलाच नसता, तर डबीचा काठ स्वच्छ राहिला असता. उन्हाने किंवा वाहतुकीत सुटला असता, तर क्रीम पाझरून खोक्याला आतून तेलकट डाग पडले असते. इथे खोके आतून कोरडे आहे आणि काठावर पत्र्याचे फाटके तुकडे गोंदासकट अजून चिकटलेले आहेत. म्हणजे सील पक्के बसले होते आणि नंतर कोणीतरी ते ओढून काढले. उघड्या रॅकवर ठेवलेल्या मालात कोणी वास घेण्यासाठी, कोणी रंग पाहण्यासाठी डबी उघडतो. शेजारी टेस्टर नसेल तर हे जास्तच होते. त्याच रॅकवरच्या बाकीच्या डब्यांच्या खालच्या घड्या एकदा तपासून घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

वरचा थर काढून उरलेले वापरणे मला मान्य नाही. या क्रीममध्ये पाणी असते, त्यामुळे बोटावाटे गेलेले जंतू आणि बुरशी त्यात वाढू शकतात. त्यातले परिरक्षक रोजच्या वापरापुरते संरक्षण देते. डबी किती दिवस उघडी होती आणि किती हात लागले, हे ठाऊक नसताना त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय व्हिटॅमिन सी हवेने खराब होते आणि रंग तपकिरी होणे हीच त्याची खूण. खोक्यावरची मुदत न उघडलेल्या डबीसाठी असते. हे डोळ्यांच्या आसपास लावायचे क्रीम आहे, तिथे असा धोका कोण पत्करेल? मी ते अजिबात वापरलेले नाही.

बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. रंग आवडला नाही किंवा मन बदलले, अशा परतीला तो ठीक आहे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलावरील मुदतीत, आणि बिलावर मुदत नसल्यास 30 दिवसांत, नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (1915) जाण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही. आपल्याकडची खरेदी मला पुढेही चालू ठेवायची आहे.

माझी मागणी अशी : हेच क्रीम, 50 ग्रॅमची डबी, शक्यतो दुसऱ्या बॅचची, कोणताही जादा आकार न घेता द्यावी. सील झाकणाखाली असल्याने खोके आणि झाकण काउंटरवर माझ्यासमोर उघडावे. पत्रा शाबूत दिसला की मी डबी लगेच घेईन. माल शिल्लक नसेल तर 23 जूनपर्यंत थांबेन. तोपर्यंत न आल्यास 649 रुपये यूपीआयवर परत करावेत. क्रेडिट नोट किंवा दुसऱ्या कंपनीचे क्रीम नको. परत केलेली डबी पुन्हा रॅकवर न जाता खराब माल म्हणून वितरकाकडे पाठवावी, म्हणजे आपलेही नुकसान भरून निघण्याचा मार्ग राहील.

डबी, खोके आणि झाकण जसे मिळाले तसेच झिपच्या पिशवीत ठेवले आहे. फाटलेला पत्रा काढलेला नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का देऊन पोच द्यावी. माझा मोबाईल क्रमांक बिलावर आहे. संध्याकाळी 6 नंतर फोन केल्यास बोलता येईल.

आपली विश्वासू,
वैशाली देशमुख

सोबत :
1. क्रीमची डबी, खोक्यासह
2. बिलाची झेरॉक्स (मूळ बिल दाखवण्यासाठी आणले आहे)
3. काठ, झाकणाच्या आट्या, खोक्याची खालची घडी आणि बॅच क्रमांक यांचे चार फोटो