बिनभोगवटा शुल्काचा मुद्दा: पाच भागांत लिहिलेला नमुना

नव्या आर्टिकल मुलामुलींसाठी. चेंबूरच्या ६४ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या २०२४-२५ च्या अंतर्गत लेखापरीक्षण अहवालातला हा सातवा मुद्दा समितीला दिला तसाच पूर्ण खाली ठेवला आहे. प्रत्येक भागानंतर तो तसा का लिहिला, ते थोडक्यात सांगितले आहे. पहिल्या मसुद्यात या जागी एकच वाक्य होते: ‘बिनभोगवटा शुल्क नियमापेक्षा जास्त आकारले आहे, दुरुस्ती करावी.’ खजिनदारांनी ते वाचून नेमके काय करायचे?

वस्तुस्थिती

सदस्य स्वतः राहत नसलेल्या १४ सदनिकांना संस्थेने वर्षभर दरमहा ४५० रुपये बिनभोगवटा शुल्क आकारले. वर्षाची एकूण आकारणी ७५,६०० रुपये आहे. हे शुल्क ४,५०० रुपयांच्या संपूर्ण मासिक बिलावर १० टक्के असे काढलेले आहे. त्या बिलात सेवा शुल्क १,९००, मालमत्ता कर १,१५०, पाणीपट्टी ३५०, दुरुस्ती निधी ६००, लिफ्ट देखभाल ३०० आणि सिंकिंग फंड २०० रुपये आहे. सर्व सदनिका एकाच क्षेत्रफळाच्या असल्याने बिले सारखी आहेत. १४ पैकी ११ सदनिका भाड्याने दिलेल्या आहेत. उरलेल्या तीन सदनिकांपैकी एकीत सदस्याचा मुलगा, एकीत विवाहित मुलगी आणि एकीत भाऊ राहतो. आम्ही वर्षाची सर्व बिले, भाडेकरारांच्या प्रती आणि सदस्यांची पत्रे तपासली.

इथे ‘चुकीचे’, ‘बेकायदा’, ‘निष्काळजीपणे’ असा एकही शब्द नाही. या भागात फक्त दिसले ते लिहायचे, आणि समितीचा कुणीही सदस्य कागद उघडून पडताळू शकेल असे लिहायचे. किती पाहिले, तेही सांगा. नमुना म्हणून थोडीच बिले पाहिली असतील, तर ‘सर्व’ हा शब्द वापरता येत नाही.

निकष

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९-अ खाली राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. सदस्याचे कुटुंबीय राहत असतील तर हे शुल्क लागू होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये या आदेशाची वैधता कायम ठेवली आहे. आदर्श उपविधींनुसार कर्मचाऱ्यांचे पगार, सामाईक वीज, छपाई व टपाल, लेखापरीक्षण शुल्क असे खर्च सेवा शुल्कात मोडतात. पाणीपट्टी, लिफ्ट, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड हे त्याबाहेरचे स्वतंत्र घटक आहेत.

निकष आपल्या मताचा नसतो. ‘इतर सोसायट्यांत असे नसते’ हा निकष होत नाही. समितीने ‘कुठे लिहिलंय?’ असे विचारले, तर याच परिच्छेदावर बोट ठेवता आले पाहिजे.

कारण

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०१९ मध्ये हिशेब एजन्सीने सूत्र बसवताना ‘बिलाची एकूण रक्कम × १० टक्के’ असे भरले. सूत्र कोणत्या शुल्कावर असावे, याचा ठराव कार्यकारी समितीच्या इतिवृत्तात नाही, आणि एजन्सीलाही लेखी सूचना दिलेली नाही. त्यानंतर समिती बदलली, पण सूत्र कुणी पुन्हा पाहिले नाही, कारण दरमहा बिलांची बेरीज जुळते का एवढेच तपासले जाते. सॉफ्टवेअरमध्ये ‘सदस्य राहतो / राहत नाही’ एवढाच रकाना आहे. प्रत्यक्ष कोण राहते आणि त्याचे सदस्याशी नाते काय, हे नोंदवायची सोय नाही. त्यामुळे मुलगा, मुलगी व भाऊ राहत असलेल्या सदनिकांनाही भाडेकरूंसारखेच शुल्क लागले.

सगळ्यांत जास्त वेळ या परिच्छेदाला गेला, आणि जायलाच हवा. ‘समितीचे दुर्लक्ष’ असे लिहिणे सोपे आहे, पण त्यातून शिफारस निघते ती ‘दुर्लक्ष करू नये’ एवढीच. व्यवस्थापकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, बिल सॉफ्टवेअर काढतं.” म्हणून सूत्र उघडून पाहिले. सूत्र कुणी भरले ते विचारले, भरणाऱ्याला कुणी सांगितले होते ते इतिवृत्तांत शोधले. बदलता येईल अशी गोष्ट हाती लागेपर्यंत ‘असं का झालं?’ विचारत राहायचे. इथे अशा तीन गोष्टी सापडल्या: सूत्र, ठराव आणि रकाना. आणखी एक. कारणात माणसाचे नाव घालू नका. त्या जागी उद्या दुसरे कुणी बसले, तरी हीच चूक झाली असती.

परिणाम

भाड्याच्या ११ सदनिकांकडून दरमहा १९० ऐवजी ४५० रुपये, म्हणजे वर्षाला ३४,३२० रुपये जादा आकारले गेले. कुटुंबीय राहत असलेल्या ३ सदनिकांवर आकारलेले १६,२०० रुपये पूर्णच अनाठायी आहेत. एकूण ५०,५२० रुपये उत्पन्न-खर्च पत्रकात उत्पन्न म्हणून दाखवले आहेत. प्रत्यक्षात ती सदस्यांना द्यायची रक्कम आहे, म्हणून वाढावा तेवढाच फुगला आहे. एका सदस्याने वादातील शुल्क भरले नाही, म्हणून त्यावर थकबाकीचे व्याज लावले आहे. हे प्रकरण उपनिबंधकांकडे गेल्यास संस्थेला बाजू मांडणे कठीण जाईल. हेच सूत्र २०१९ पासून असल्याने मागील वर्षांतही जादा आकारणी झाली असणे संभवते. ती रक्कम या तपासणीच्या कक्षेबाहेर आहे.

शेवटची दोन वाक्ये नीट पाहा. मागच्या वर्षांची बिले आम्ही तपासली नाहीत, म्हणून ५०,५२० ला सहाने गुणून मोठा आकडा लिहिला नाही. तो छाप पाडेल, पण टिकणार नाही.

शिफारस

खजिनदारांनी ३० जून २०२५ पर्यंत सूत्र फक्त सेवा शुल्कावर बांधून घ्यावे. जुलैची बिले पाठवण्यापूर्वी भाड्याची एक आणि कुटुंबीय राहतात अशी एक सदनिका हाताने मोजून पडताळावी. सचिवांनी राहणाऱ्याचे सदस्याशी नाते दर्शवणारे घोषणापत्र दरवर्षी एप्रिलमध्ये घ्यावे आणि सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना ठेवावा. शुल्काचा आधार समितीने ठरावात नोंदवून एजन्सीला लेखी कळवावा. ५०,५२० रुपये २०२४-२५ चे हिशेब अंतिम करण्यापूर्वी देय म्हणून दाखवावेत. ज्यांनी भरले त्यांच्या पुढील बिलांत ते वळते करावेत, आणि ज्यांनी भरले नाही त्यांची थकबाकी व तिच्यावरचे व्याज कमी करावे. एप्रिल २०१९ पासूनची जादा आकारणी खजिनदारांनी मोजून, ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी.

प्रत्येक कामाला माणूस, मुदत किंवा दोन्ही आहेत. शिफारशीतली प्रत्येक ओळ वर सांगितलेल्या एखाद्या कारणाला किंवा परिणामाला उत्तर देते. तसे नसेल, तर एक तर कारण अपुरे आहे किंवा शिफारस उसनी आहे.

समितीचा अभिप्राय

‘मुद्दा मान्य. सूत्रबदलाची सूचना एजन्सीला दिली आहे. परताव्याची रक्कम चार मासिक बिलांत वळती करू. मागील वर्षांचे गणित ३१ ऑगस्टपर्यंत देऊ. – खजिनदार’

अभिप्राय त्यांच्याच शब्दांत ठेवायचा, त्यात आपली दुरुस्ती करायची नाही. पुढच्या भेटीत जुलैच्या बिलांतली भाड्याची एक सदनिका काढून १९० रुपये लागलेत का ते तुम्ही पाहायचे, आणि भावाच्या सदनिकेचे शुल्क शून्य झाले का तेही.