विषय: चाकणच्या कंपन्यांसाठी मीटिंग हॉल आणि दिवसापुरत्या खोल्या – आळंदी फाटा

सप्रेम नमस्कार,

आपली ओळख नाही, तरी थेट लिहितो आहे. पुणे-नाशिक हायवेवर आळंदी फाट्याजवळच्या हॉटेल भामा रेसिडेन्सीचं सेल्सचं काम मी पाहतो. आपल्या कंपनीत ट्रेनिंग, ऑडिट आणि पाहुण्यांची व्यवस्था ॲडमिन विभागाकडे असेल, असं धरून हा मेल.

आधी दिवसापुरत्या खोल्यांबद्दल, कारण त्यांची चौकशी आमच्याकडे सगळ्यात जास्त होते. कस्टमरचा ऑडिटर पहाटेच्या विमानाने लोहगावला उतरतो आणि दहाला त्याला प्लांटवर हजर व्हायचं असतं. दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचं भाडं भरणं कुणालाच पटत नाही. आमच्याकडे सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेत कुठलेही आठ तास खोली मिळते: १,८०० रुपये अधिक ५ टक्के जीएसटी, नाश्त्यासह. परतीचं विमान रात्रीचं असेल, तर दुपारनंतर संध्याकाळी ६ पर्यंतही घेता येते. लोहगावहून आळंदीमार्गे येणाऱ्याला चाकणचा तळेगाव चौक लागत नाही. तिथल्या ट्रॅफिकबद्दल मी आपल्याला काय सांगणार!

एक विनंती: खोली काही तासांचीच असली तरी ओळखपत्र लागतंच. आधार किंवा लायसन्स चालेल, पॅन कार्ड नाही. परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा सरकारी नोंदीसाठी लागतो. कॉपी आदल्या दिवशी पाठवलीत, तर पाहुण्यांना काउंटरवर ताटकळावं लागणार नाही.

मीटिंगसाठी दोन जागा आहेत. बारा खुर्च्यांची बोर्डरूम अर्ध्या दिवसाला ३,५०० रुपये. हॉलमध्ये टेबलांसह चाळीस जण बसतात. हॉलचं पॅकेज माणशी ७५० रुपये, किमान पंधरा जण; त्यात दोन वेळचा चहा, जेवण, प्रोजेक्टर, व्हाइटबोर्ड आणि वाय-फाय आलं. दोन्हींवर जीएसटी वेगळा. बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर मिळेल. दोनशे माणसांचा वार्षिक कार्यक्रम असेल, तर आमची जागा अपुरी पडेल, हे आत्ताच सांगितलेलं बरं.

गुरुवारी सुट्टी असणाऱ्या बऱ्याच कंपन्या ट्रेनिंग त्याच दिवशी ठेवतात, म्हणून गुरुवार लवकर भरतो. तारीख धरण्यासाठी ॲडव्हान्स नको, मेलवर होकार पुरेसा आहे. दोन दिवस आधी कळवून रद्द केल्यास काही आकारत नाही. पहिल्या तीन बुकिंगनंतर महिन्याच्या बिलाची सोय करता येईल.

येत्या मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जेवायला या, बिल आमच्याकडे. हॉल, खोल्या आणि विशेषतः बाथरूम स्वतः पाहून घ्या. कोणता दिवस सोयीचा आहे, ते याच मेलवर कळवा. हे काम दुसरं कुणी पाहत असेल, तर कृपया मेल त्यांच्याकडे पाठवा. नको असेल तर 'नको' एवढंच लिहा, पुन्हा त्रास देणार नाही.

आपला,
संदीप जाधव
सेल्स मॅनेजर, हॉटेल भामा रेसिडेन्सी
आळंदी फाटा, पुणे-नाशिक हायवे