शाळेसमोरचा रस्ता : शनिवारच्या कार्यशाळेचा गोषवारा, निर्णय आणि पुढची कामं

नमस्कार मंडळी,

२८ जूनला शाळेच्या सभागृहात आपण ३४ जण जमलो होतो. शाळेच्या मुख्याध्यापिका, पालक, रिक्षाकाका आणि व्हॅनवाले, भाजी-फळवाले, दुकानदार, आसपासच्या पाच सोसायट्यांचे पदाधिकारी, गणेश मंडळाचे कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंता. वाहतूक शाखेतून कोणाला येता आलं नाही. त्यामुळे जिथे त्यांची परवानगी लागते, तिथे खाली ‘ठरलं’ हा शब्द वापरलेला नाही.

भिंतीवर एकूण १४३ चिठ्ठ्या लागल्या. पिवळ्या, म्हणजे अडचणींच्या, ८८. गुलाबी, म्हणजे कल्पनांच्या, ४४. आणि ‘यासाठी मी स्वतः काय करू शकतो/शकते’ या हिरव्या फक्त ११. सगळ्या चिठ्ठ्या जशा लिहिल्या तशाच, शुद्धलेखनासकट, वेगळ्या शीटमध्ये टाइप केल्या आहेत आणि भिंतीचे फोटो ग्रुपवर आहेत. खालचे निर्णय बहुतेक त्या अकरा हिरव्या चिठ्ठ्यांवर उभे आहेत.

फुटपाथ नक्की कोणी अडवलाय?

सर्वांत मोठा गठ्ठा हाच, ५२ चिठ्ठ्यांचा. त्यातल्या १९ चिठ्ठ्यांवर ‘फेरीवाले हटवा’ किंवा तशाच अर्थाचं काही होतं. १४ दुचाकींबद्दल, ८ दुकानांच्या पायऱ्या आणि पाट्यांबद्दल, उरलेल्या ११ डीपी बॉक्स, झाडांची आळी, केबलची भेंडोळी वगैरेंबद्दल.

फक्त चिठ्ठ्या मोजल्या असत्या तर पहिला निर्णय काय झाला असता हे सांगायला नको. पण चहानंतर आपण टेप घेऊन खाली उतरलो आणि सहा ठिकाणी चालायला मोकळी जागा किती उरते ते मोजलं. फुटपाथची पूर्ण रुंदी २.४ मीटर आहे. शाळेच्या गेटजवळ २.१ मीटर मोकळी मिळाली, भाजीवाल्यांसमोर १.५, मेडिकलच्या पायऱ्यांपाशी १.३, बसथांब्यामागे १.२, डीपी बॉक्सशी ०.९ आणि दुचाकींच्या रांगेपाशी ०.७. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे (आयआरसी १०३) किमान १.८ मीटर मोकळे हवेत, आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही लोंबकळता कामा नये. म्हणजे सहापैकी पाच ठिकाणी आपण नापास, आणि सर्वांत वाईट निकाल आपल्याच गाड्यांचा.

हे आकडे वाचून दाखवल्यावर सभागृह जरा गप्प झालं. मग भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “आम्ही दोन फूट मागं सरकतो. पण मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गाडी लावू नका, एवढंच.” माझ्या मते दिवसभरातलं सर्वांत कामाचं वाक्य हेच होतं.

‘हटवा’ हा निर्णय आपल्या हातातला नाही. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना उठवता येत नाही, आणि जागांचा विचार नगर पथविक्रेता समितीत होतो. त्या समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. ज्यांचं म्हणणं त्याउपर काही आहे, त्यांनी ते तिकडे मांडावं.

ठरलं ते असं. भाजी-फळवाले भिंतीकडे सरकून बसतील आणि कडेच्या बाजूने १.८ मीटर मोकळे ठेवतील. त्यासाठी रेघ मारायची आहे. पावसात फक्की टिकणार नाही, ऑइलपेंटला क्षेत्रीय कार्यालयाची परवानगी लागेल. ती मिळेपर्यंत भिंतीवर खुणा करून काम चालवू. मेडिकल आणि स्टेशनरीवाल्यांनी उभ्या पाट्या आत घ्यायचं मान्य केलं. पायऱ्यांचा प्रश्न राहिला. दुकानदारांच्या प्रतिनिधींनी “विक्रेत्यांना रेघ म्हणजे त्यांना मान्यता देण्यासारखं आहे” असा विरोध नोंदवायला सांगितला, तो इथे नोंदवला आहे.

शाळा सुटते तेव्हा

४१ चिठ्ठ्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच अर्ध्या तासाबद्दल. दुपारी साडेबाराला रिक्षा आणि व्हॅन गेटसमोर दुहेरी रांग लावतात, पालक दुचाकी चालू ठेवून तिसरी रांग करतात, आणि बस थांब्यापर्यंत न पोचता मध्येच उभी राहते. एका व्हॅनवाल्यांची चिठ्ठी जशीच्या तशी देते : “उभं राहायला जागा द्या मग शिस्त मागा.” तिच्या शेजारीच एका आईची चिठ्ठी होती : “मुलगी दोन गाड्यांच्या मधून येते तेव्हा ती मला दिसतच नाही.” या दोन चिठ्ठ्या मी मुद्दाम एकाखाली एक लावल्या. अडचण एकच आहे, दोन बाजूंनी पाहिलेली.

यावर, वाहतूक शाखेने परवानगी दिली तर, दोन आठवड्यांचा प्रयोग करायचा आहे, सोमवार ७ जुलै ते शुक्रवार १८ जुलै. रिक्षा आणि व्हॅन मैदानाच्या भिंतीलगत उभ्या राहतील, गेटपासून साधारण १२० मीटरवर. मुलं रांगेने तिथपर्यंत चालत जातील, सोबत एक शिक्षक आणि दोन पालक. पहिली ते चौथी १२.२० ला सुटेल, पाचवी ते सातवी १२.४० ला. वीस मिनिटांचं अंतर मुख्याध्यापिकांनी स्वतःहून सुचवलं, पण एकाच घरातल्या दोन भावंडांचं काय हा प्रश्न राहतो. त्यावर धाकट्यांना ग्रंथालयात बसवता येईल का, हे त्या पाहणार आहेत.

बालवर्ग या प्रयोगातून वगळला आहे. भर पावसात साडेतीन वर्षांचं मूल, दप्तर आणि छत्री घेऊन १२० मीटर चालवायला एकही पालक तयार नव्हता, आणि ते रास्तच आहे. बालवर्गाच्या गाड्या गेटवरच येतील.

पालकांच्या दुचाकींसाठी दोन सोसायट्यांच्या सचिवांनी हिरव्या चिठ्ठ्या लावल्या. एकीवर लिहिलं होतं : “आमच्या गेटच्या आत दहा गाड्या अर्धा तास चालतील. हॉर्न वाजवला तर चालणार नाही.” दोन्ही मिळून २२ गाड्यांची सोय होते. शाळा त्या पालकांना स्टिकर देईल, म्हणजे वॉचमनशी रोज वाद नको. उरलेल्या तीन सोसायट्यांनी कमिटीत विचारून सांगतो म्हटलंय. सांगतील अशी आशा आहे.

एक त्रुटी लक्षात घ्या. शनिवारी शाळेला सुट्टी होती, त्यामुळे वरची मापं गर्दी नसतानाची आहेत. प्रयोगाआधी एकदा शाळेच्या दिवशी साडेबाराला मोजायला हवं, नाहीतर फरक पडला की नाही हे कशाशी ताडून पाहणार?

चढ-उतार आणि पडझड

२३ चिठ्ठ्या. संख्येने कमी, पण टिकल्यांच्या मतदानात हा विषय दुसरा आला. (गोल स्टिकर ऐनवेळी सापडले नाहीत म्हणून शेजारच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. काही जणांनी मत देण्याआधी एक कपाळाला लावून पाहिली.) फुटपाथची कड काही ठिकाणी २३ सेंटिमीटर उंच आहे, मार्गदर्शिकेत कमाल १५ दिलेली आहे. त्यात प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. बसथांब्यापर्यंत मी असे सात उतार मोजले. गुडघे दुखणारा माणूस मग सरळ रस्त्यावरून चालतो. एका पिवळ्या चिठ्ठीवर नकाशातल्या जागेवर बाण काढून फक्त “आई इथे पडली” एवढंच होतं. तिला सर्वांत जास्त टिकल्या मिळाल्या.

बऱ्याच गुलाबी चिठ्ठ्यांवर ‘जंगली महाराज रस्त्यासारखा फुटपाथ करा’ असं होतं. तो रस्ता रुंद आणि एकेरी आहे. आपला जेमतेम १२ मीटर आणि दुहेरी. तसाच्या तसा इथे बसणार नाही. मात्र गेटपाशी फुटपाथची पातळी न मोडता गाडीला चढ देणं शक्य आहे, असं अभियंता म्हणाले. त्याचा खर्च ते काढून देतील. काम कधी होईल याचा शब्द त्यांनी दिलेला नाही, आणि तो दिला असं कृपया ग्रुपवर पसरवू नये. अर्जात महापालिकेच्या २०१६ च्या पादचारी धोरणाचा उल्लेख करायचा आहे.

पाणी, दिवे, मंडप

पाणी तुंबणं आणि बंद दिवे यांच्या १२ चिठ्ठ्या होत्या. त्यावर कार्यशाळेची गरजच नाही. जागा आणि खांब क्रमांक घेऊन तक्रारी नोंदवायच्या आहेत.

मंडपाच्या ६ चिठ्ठ्यांवर आवाज थोडा चढला होता. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मंडपाचा नकाशा परवान्याला देण्याआधी आपल्याला दाखवायचं आणि एका बाजूने चालायची वाट ठेवायचं मान्य केलं. किती रुंद, ते ठरलेलं नाही. गणपती २७ ऑगस्टला आहेत, तेव्हा हा विषय पुढच्या बैठकीत पहिला घेऊ.

बाजूला ठेवलेल्या ९ चिठ्ठ्यांमध्ये उड्डाणपूल, मेट्रोचा फाटा आणि एक अस्सल पुणेरी सूचना आहे : “गेटसमोर गाडी लावणाऱ्यांचे पालकत्व शाळेने घ्यावे.” ती फळ्यावर ठेवली आहे. निर्णय नाही.

आता कोणी काय करायचं

मंगळवार १ जुलैला दुपारी सव्वाबारा ते एक या वेळात त्याच सहा ठिकाणी पुन्हा मोजमाप. टेप माझ्याकडे आहे, आणखी चार जण हवेत.

गुरुवार ३ जुलैपर्यंत अभियंता रेघेच्या परवानगीचं कळवतील, आणि डीपी बॉक्स हलवण्याबाबत महावितरणला पत्र कोणाच्या सहीने जायला हवं तेही सांगतील. मैदानाच्या भिंतीलगत गाड्या उभ्या करण्याची विनंती घेऊन मुख्याध्यापिका आणि मी त्याच दिवशी वाहतूक शाखेत जाणार आहोत. तिथून नकार आला तर ७ जुलैचा प्रयोग पुढे जाईल. तसं झालं तर ४ तारखेला ग्रुपवर सांगेन.

शाळा पालकांना शुक्रवारी ४ जुलैला चिठ्ठी आणि स्टिकर देईल. रिक्षा आणि व्हॅनवाल्यांना निरोप त्यांच्यातलेच दोघे काका देणार आहेत, कारण शाळेची नोटीस कोणी वाचत नाही असं त्यांनीच सांगितलं.

दिवे आणि पाण्याच्या तक्रारी दोन कॉलेजकुमारांनी घेतल्या आहेत. तक्रार क्रमांक शीटमध्ये टाका.

या कागदात कोणाचं म्हणणं चुकीचं आलं असेल किंवा राहिलं असेल तर सोमवारी रात्रीपर्यंत मला कळवा. मंगळवारी हाच मजकूर क्षेत्रीय कार्यालयात देणार आहे. पुढची बैठक शनिवार १९ जुलै, सकाळी १०, तेच सभागृह. दुचाकीवर येणाऱ्यांनी गाडी मैदानात लावावी.

— कार्यशाळेची संयोजक