मासळी प्रक्रिया, रत्नागिरी पट्टा: वेतन सर्वेक्षणाचा गोषवारा, एप्रिल २०२५

आकडे मासिक ग्रॉस रुपयांत. पीएफमधला मालकाचा हिस्सा, बोनस आणि ओव्हरटाइम वगळले आहेत. मूळ माहिती ऑक्टोबर २०२४ ची. वर्षाला ८ टक्के वाढ धरून सहा महिन्यांचे ४ टक्के आधीच मिळवलेत, पुन्हा मिळवू नका.

| भूमिका | कंपन्या/माणसं | २५वा | ५०वा | ७५वा |
|---|---|---|---|---|
| प्रोसेसिंग सुपरवायझर | ९/४१ | २१,५०० | २५,००० | २९,००० |
| क्वालिटी टेक्नॉलॉजिस्ट | ८/२६ | २६,००० | ३१,५०० | ३८,००० |
| अमोनिया प्लांट ऑपरेटर | ७/१९ | २२,००० | २४,५०० | ३३,००० |
| निर्यात कागदपत्रं | ४/६ | – | ३४,००० | – |

ऑपरेटरची ओळ जपून वाचा. एका कंपनीने हेल्परनाही 'ऑपरेटर' म्हटलं होतं. ते चौघे काढल्यावर २५वा पर्सेंटाइल १९,००० वरून २२,००० वर आला. वरचं टोक मात्र नाइट अलाउन्समुळे फुगलंय: दोन कंपन्यांनी तो ग्रॉसमध्येच दाखवलाय आणि वेगळा काढता आला नाही. म्हणून या पदाला ७५वा पर्सेंटाइल लक्ष्य धरू नये.

निर्यातीच्या ओळीत पाचपेक्षा कमी कंपन्या, म्हणून फक्त मध्यक, तोही अंदाजापुरताच.

किलोवर कोळंबी सोलणाऱ्या बायका तक्त्यात नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत त्यांची कमाई घसरते, त्यामुळे एका महिन्याचा आकडा फसवतो. बारा महिन्यांची सरासरी मागवली आहे.

रेंजसाठी मध्यकाच्या ८० ते १२० टक्के धरा. टेक्नॉलॉजिस्टला ती २५,२०० ते ३७,८०० येते, म्हणजे बाजाराच्या ७५व्या पर्सेंटाइलला जेमतेम टेकते. अनुभवी माणूस टिकवायचा तर या एका पदाला वरची मर्यादा १२५ टक्के ठेवावी.