मण्यार चावली तर? (फिल्मचा व्हॉइसओव्हर)

(पडद्यावर रात्र, यावलकडची केळीची बाग, बॅटरीचा उजेड)

राम राम भाऊ, राम राम ताई! रात्री लाईट आली की मोटर चालू करायला अनवाणीच केळीत पळता ना, गमबूट घाला, बॅटरी घ्या. पण मण्यार तर घरातच येते, खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही, कधी खूणसुद्धा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, घास गिळता येत नाही अन् घरचे म्हणतात, रात्रीची शेवभाजी बाधली! (बिचारी शेवभाजी.)

अशा वेळी ब्लेडनं कापू नका, दोरी आवळू नका, भगताकडे तर जाऊच नका, मंत्रानं विष उतरत नाही. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, पेशंटला चालवू नका, १०८ ला फोन लावा, गाडीला उशीर असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधी बसवा अन् सरळ सरकारी दवाखाना गाठा, विषावरचं इंजेक्शन तिथं फुकट मिळतं. साप पकडून न्यायची काहीच गरज नाही.

(खाट दिसते)

अन् आज रात्रीपासून झोपायचं खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून.